एक गाथा, चार पंथ: ‘जैन आगम’ म्हणजे नेमकं कुठलं?

आजचा विषय आपल्याच भागातून आलाय. मुरबाडच्या एका श्रोत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं एक चित्र पाठवलं. त्यावरचं मराठी वाक्य साधारण असं होतं, की प्रत्येक जिवाला जगायचं असतं, मरायचं कुणालाच नसतं, म्हणून साधू हिंसा टाळतात. खाली फक्त ‘जैन आगम’ एवढंच लिहिलेलं. महावीर जयंतीच्या बॅनरवर हे टाकायचं होतं. पण शहापूरला नोकरीनिमित्त आलेला त्याचा कोल्हापूरचा मित्र म्हणाला, “आमच्यात हे आगम मानत नाहीत.” दोघंही जैन, मग भानगड काय?

आधी वाक्य शोधूया. मराठी भाषांतर शोधून फार काही हाती लागत नाही, कारण प्रत्येक अनुवादकाचे शब्द वेगळे. मूळ गाथा प्राकृतात आहे. छापील आगमांच्या शेवटी बहुधा गाथांची अनुक्रमणिका असते, पहिल्या शब्दांनुसार अक्षरक्रमाने लावलेली. ‘सगळे जीव’ याला प्राकृतात ‘सव्वे जीवा’. त्या शब्दांवरून गेलं की आपण पोचतो ‘दशवैकालिक सूत्रा’च्या सहाव्या अध्ययनात. क्रमांक मात्र काही आवृत्त्यांत दहावा, तर काहींत अकरावा. त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका, गाथेचा अर्थ ताडून बघा.

हे सूत्र कुणाचं? श्वेतांबर परंपरा सांगते, की आचार्य शय्यंभव यांनी ते आपल्या मुलासाठी, मनकसाठी रचलं. तो लहानपणीच साधू झाला होता आणि त्याचं आयुष्य सहाच महिने उरलंय हे वडिलांनी ओळखलं. एवढ्या वेळात सगळी शास्त्रं कशी शिकवायची? म्हणून साधूच्या आचाराचं सार दहा अध्ययनांत आणलं.

आता मान्यतेचा प्रश्न. श्वेतांबरांत तीन मोठे प्रवाह आहेत. मूर्तिपूजक 45 आगम मानतात, तर स्थानकवासी आणि तेरापंथी 32. दशवैकालिक या दोन्ही याद्यांत आहे. म्हणजे या तिघांत वादच नाही.

दिगंबरांचं म्हणणं वेगळं, आणि आपल्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले मराठी जैन प्रामुख्याने दिगंबर. त्यांच्या मते महावीरांची मूळ वाणी तोंडपाठ चालत आली आणि हळूहळू विस्मृतीत गेली. श्वेतांबरांनी पाचव्या शतकाच्या सुमारास गुजरातेत वलभीला जे आगम लिहून काढले, ते दिगंबर मूळ मानत नाहीत. गंमत म्हणजे दशवैकालिक हे नाव त्यांच्याही जुन्या यादीत आहे. पण ते मूळ सूत्र आज उरलेलं नाही, असं ते मानतात. त्यांचा आधार षट्खंडागम, कषायपाहुड आणि कुंदकुंदाचार्यांचे ग्रंथ. तेव्हा कोल्हापूरच्या मित्राचा आक्षेप अहिंसेला नव्हताच. तो ग्रंथाच्या अधिकाराला होता.

मग दोघांना चालेल असं काही आहे का? आहे, आणि त्यामागे एक मराठी माणूस आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. सगळ्या जैनांचा मिळून एक ग्रंथ असावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मनावर घेतला जिनेंद्र वर्णी यांनी. ते स्वतः दिगंबर परंपरेतले. त्यांनी दोन्हीकडच्या ग्रंथांतून गाथा निवडल्या. 1974 साली, महावीरांच्या निर्वाणाला 2500 वर्षं होत असताना, दिल्लीत सर्व पंथांचे साधू आणि विद्वान एकत्र बसले आणि 756 गाथांचा संग्रह ठरला. त्याचं नाव ‘समणसुत्तं’. त्यातलं अहिंसेचं प्रकरण उघडा, आपली गाथा तिथे आहे!

पण इथे एक बारकावा आहे. गाथा सगळ्यांनी स्वीकारली, याचा अर्थ दिगंबरांनी दशवैकालिक प्रमाण मानलं असा होत नाही. अर्थ पटला, ग्रंथाबद्दलचं मत तेच राहिलं.

एकाच जुन्या ग्रंथाचं नाव हवं असेल, तर ‘तत्त्वार्थसूत्र’ बघा. ते दोन्ही परंपरा मानतात. त्याच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे: बेफिकिरीने किंवा विकाराच्या भरात कुणाचा प्राण घेणं. पण क्रमांक इथेही जुळत नाहीत. श्वेतांबर पाठात हे सूत्र आठवं, दिगंबर पाठात तेरावं. कारण दोघांच्या पाठांत सूत्रांची संख्याच थोडी वेगळी आहे.

तर मुरबाडच्या मित्रा, ‘जैन आगम’ हे दोन शब्द काढ. फक्त श्वेतांबरांचा कार्यक्रम असेल तर ‘दशवैकालिक, अध्ययन 6’ लिही. सगळ्यांचा मिळून असेल तर ‘समणसुत्तं, अहिंसा प्रकरण’ लिही. वाक्य तेच ठेव, म्हणजे शहापूरचा मित्रही बॅनरच्या बाजूला उभा राहील.