भाषिक सौजन्य आणि आब

भाषिक सौजन्य म्हणजे बोलताना ऐकणाऱ्याचा व स्वतःचा आब सांभाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाषिक रीती. चारचौघांत आपली जी प्रतिमा टिकावी असे माणसाला वाटते, तिला येथे ‘आब’ म्हटले आहे. ही संकल्पना समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 मध्ये मांडली. पुढे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या आधारे तिचा विस्तार करून आबाची दोन अंगे सांगितली : आपण इतरांना हवेसे वाटावे ही इच्छा आणि आपल्यावर कोणी बळजबरी करू नये ही इच्छा.

आज्ञेमुळे यांतील दुसऱ्या इच्छेला धक्का लागतो, कारण ‘शिडी द्या’ या वाक्यात ऐकणाऱ्याने काय करायचे हे बोलणाऱ्यानेच ठरवलेले असते, आणि नकार द्यायचा तर उघड विरोध करावा लागतो. ‘शिडी मिळेल का?’ असे शेजाऱ्याला विचारले, तर व्याकरणदृष्ट्या तो केवळ शक्यतेविषयीचा प्रश्न असतो आणि त्यात देणाऱ्याचा उल्लेखही नसतो. जॉन सर्ल यांनी 1975 मध्ये दाखवल्याप्रमाणे, काम होणे शक्य असणे ही कोणत्याही विनंतीची पूर्वअट असते. बोलणारा त्या अटीविषयी विचारतो आणि ऐकणारा त्यामागची विनंती ओळखतो. मात्र ‘शिडी आज रंगाऱ्याकडे आहे’ असे उत्तर देऊन शेजाऱ्याला विनंती न नाकारताही प्रश्नाचे उत्तर देता येते, त्यामुळे दोघांचाही आब राहतो. ‘आज रिकामी असेल, तर जरा शिडी मिळेल का?’ या वाक्यातील ‘असेल तर’ नकाराची वाट आधीच मोकळी करते, तर ‘जरा’मुळे मागणी लहान भासते. अशा वाक्याची सौम्यता मुख्यतः या मोकळ्या वाटेतून येते.

ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या मते किती आडून बोलावे हे परस्परांतील अंतर, अधिकारातील फरक आणि मागणीचा भार यांवर ठरते. त्यामुळे जेवताना बहिणीला ‘मीठ दे गं’ म्हणणे सहज वाटते, पण तिलाच ‘कृपया मीठ देता येईल का?’ असे विचारले, तर रुसवा किंवा टोमणा जाणवतो. आग लागली असताना ‘बाहेर पळा!’ हे उद्धट ठरत नाही, कारण तेथे आबापेक्षा जीव मोलाचा असतो.

आडवळण वाढले की सौजन्यही वाढतेच, असे मात्र नाही. शोशाना ब्लूम-कुल्का यांना 1987 मधील अभ्यासात हिब्रू आणि इंग्रजी भाषकांच्या दृष्टीने नुसती सूचक वाक्ये सर्वांत सौजन्यपूर्ण ठरत नाहीत असे आढळले, कारण अर्थ शोधण्याचा भार तेव्हा ऐकणाऱ्यावर पडतो. जपानी अभ्यासक योशिको मात्सुमोतो आणि साचिको इदे यांनी ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या सिद्धांताच्या व्याप्तीवरच आक्षेप घेतला : जपानीत सौजन्याचा मोठा भाग वैयक्तिक स्वातंत्र्य जपण्यापेक्षा समूहातील आपले स्थान ओळखून योग्य आदररूप वापरण्याशी जोडलेला असतो.