फोटोखालची ओळ

बचत गटाच्या कामात आपण वह्या लिहितो, ठराव लिहितो, हप्त्यांच्या नोंदी ठेवतो. यंदा आमच्यावर एक वेगळंच लिहायचं काम आलं. गटातल्या बाया मिळून मंगळवेढ्याहून पंढरपूरला जाऊन आल्या होत्या. त्या प्रवासाचे फोटो धुऊन आणले आणि त्यांचा अल्बम करायचं ठरलं. प्रत्येक फोटोखाली एकेक ओळ लिहायची होती. एका ओळीला किती वेळ लागणार, असं आम्हाला वाटलं होतं. शेवटच्या फोटोच्या ओळीला दोन बैठका लागल्या. त्या दोन बैठकांत आम्हाला जो इतिहास कळला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

तो शेवटचा फोटो विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेरचा आहे. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही, म्हणून आमचा अल्बम दाराशीच संपतो. फोटोत मागं नामदेव पायरी दिसते. बाजूला चोखोबांची समाधी आहे आणि तिच्यापाशी आम्ही सगळ्याजणी उभ्या आहोत. प्रवासाच्या फोटोला शोभेल असं काहीतरी छोटं वाक्य हवं होतं. एकीनं सुचवलं, ‘पंढरीची वाट सगळ्यांची’. सगळ्यांना ते आवडलं. अक्षर चांगलं असलेल्या मुलीनं स्केचपेन उघडलासुद्धा.

तेवढ्यात आमच्या गटातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, “थांब गं पोरी. सगळ्यांची, पण कवापास्नं? माझ्या आजीनं कळसच बघितला. देव न्हाई बघितला.”

स्केचपेनचं टोपण परत लागलं. मावशींचं माहेर मंगळवेढ्याकडचं. जुन्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या घरातल्या त्या. त्यांच्या आजीच्या वेळी त्यांची माणसं पंढरपूरला जायची, चंद्रभागेत अंघोळ करायची, चोखोबांच्या समाधीपर्यंत यायची. तिथून कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचं. दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे आम्ही फोटोसाठी हसत उभ्या होतो, नेमक्या त्याच जागी त्यांची वाट संपत होती.

मग आम्ही चोखोबांपासून सुरुवात केली, कारण आमचा प्रवासही त्यांच्याच गावातून निघाला होता. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे, नामदेवांच्या काळातले. पंढरपूर तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. आम्ही ते अंतर गाडीनं तासाभरात कापलं, ते पायी येत. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे. सोयराबाईंचे अभंग आजही गायले जातात. त्यांच्या अभंगांतून विटाळाबद्दल सरळ प्रश्न विचारलेला आहे, की देह सगळ्यांचा सारखाच, तर विटाळ एकालाच कसा लागतो. सातशे वर्षांपूर्वी एका बाईनं हे विचारलं. तरी या घराला देवळात प्रवेश नव्हता.

चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यातच झाला, असं मानतात. गावकुसाचं बांधकाम चालू होतं, मजुरांवर ते कोसळलं आणि त्याखाली तेही गेले. साल १३३८ सांगतात. परंपरा अशी, की नामदेव तिथं गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखून पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली गेली. जिवंतपणी ज्यांना आत घेतलं नाही, त्यांना मेल्यावर दारासमोर जागा मिळाली. आणि पुढं सहाशे वर्षं त्यांच्या जातीच्या माणसांसाठी ती समाधी हीच हद्द राहिली.

पहिल्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, “दाराचं सोडा, वाटेवर तर सगळे सारखेच होते ना? वारीत सगळ्यांना माऊलीच म्हणतात.” म्हणून आम्ही वाटेचंही बघितलं. इरावती कर्वे या समाजशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक. त्या स्वतः दिंडीबरोबर चालत पंढरपूरला गेल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. तो १९४९ साली निघालेल्या त्यांच्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बाया होत्या आणि मराठा बायाही होत्या. दिवसभर सगळ्या एकत्र चालायच्या, एकत्र अभंग म्हणायच्या. मुक्कामाला पोचलं की चुली वेगळ्या आणि पंगतीही वेगळ्या. इरावतीबाईंना याचं वाईट वाटलं. त्या मराठा बायांच्या पंगतीला जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बाया त्यांच्याशी जास्त मोकळेपणानं वागू लागल्या, असं त्यांनी लिहिलं आहे.

हे ऐकल्यावर काकू जरा गप्प बसल्या. वाट सगळ्यांची होती, हे खोटं नाही. पण ते चालताना खरं होतं. चूल पेटली की खरं राहत नव्हतं. त्या दिंडीचा फोटो कुणी दुपारी चालताना काढला असता, तर सगळ्याजणी एका रांगेत दिसल्या असत्या. तोच फोटो रात्री काढला असता, तर दोन पंगती दिसल्या असत्या. कुठल्या वेळेचा फोटो आहे हे लिहिलं नाही, तर बघणाऱ्याची फसगत होते.

आता दाराकडं येऊ. ते कधी उघडलं? साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून गावोगावी सभा घेतल्या आणि पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं करा म्हणून लोकांना विनवलं. तरी दार उघडलं नाही, म्हणून १ मे १९४७ पासून ते पंढरपुरात उपोषणाला बसले. उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांनी, १० मे रोजी, मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारनं मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. उपोषण सुटलं तेव्हा स्वातंत्र्य मिळायला तीनच महिने राहिले होते.

इथं गोष्ट संपली असं समजून आम्ही दुसऱ्या बैठकीत ‘साने गुरुजींनी दार उघडलं’ असं काहीतरी लिहायला निघालो. मावशींनी पुन्हा थांबवलं. “दार उघडलं तवर आमच्या घरातली निम्मी माणसं पंढरीला जायचीच बंद झालती,” त्या म्हणाल्या. तेही इतिहासाला धरूनच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, तरी दार उघडलं नाही. मग १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर अनेकांना देवळात जाण्यापेक्षा शाळा, नोकरी आणि हक्क जास्त महत्त्वाचे वाटू लागले. म्हणून १९४७ मध्ये दार उघडलं तेव्हा सगळेच आत धावले असं झालं नाही. कुणी आनंदानं दर्शनाला गेलं. कुणी म्हणालं, आता बोलावता, तेव्हा कुठं होतात? मावशींच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं होती.

मावशी स्वतः आमच्याबरोबर आत गेल्या का, असं तुम्ही विचाराल. गेल्या. बाहेर आल्यावर त्या समाधीपाशी थोडा वेळ बसल्या, आणि तिथंच आमचा तो फोटो निघाला.

तर एवढं सगळं एका ओळीत कसं बसवायचं? सगळं बसत नाही, हे आधी मान्य केलं. मग आम्ही नुसतं सुंदर वाक्य बाजूला ठेवलं आणि ते कुठं लटपटतं ते शोधलं. ‘पंढरीची वाट सगळ्यांची’ हे वाक्य कुठल्याही फोटोखाली चालतं. चंद्रभागेच्या फोटोखाली चालेल, एसटीच्या फोटोखालीही चालेल. जी ओळ कुठंही चालते, ती या फोटोबद्दल काहीच सांगत नाही, हे आमच्या लक्षात आलं. फोटोत दार आहे, म्हणून ओळीत दार आलं पाहिजे. दार कायम उघडं नव्हतं, म्हणून साल आलं पाहिजे. एवढं केल्यावर ओळ अशी झाली:

‘पंढरीची वाट सगळ्यांची, दार १९४७ पासून.’

मावशींनी ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाल्या, “आता लिवा.”

त्या ओळीखाली बारीक अक्षरात आम्ही जागा लिहिली, महाद्वार, चोखोबांच्या समाधीजवळ. तारीख लिहिली. मग डावीकडून उजवीकडं नावं. आधी नुसतं ‘गटातील महिला’ असं लिहिलं होतं. तेही मावशींनी खोडायला लावलं. त्यांच्या आजीचा एकही फोटो नाही, आणि आजी समाधीपाशी नेमकी कधी उभी होती हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आपल्या नातींना ते सांगता यावं, म्हणून प्रत्येकीचं स्वतःचं नाव लिहिलं, कुणाची बायको किंवा कुणाची आई असं नाही.

एक चूक मात्र झालीच. घाईत एका फोटोच्या मागं बॉलपेननं जोर देऊन लिहिलं, त्याचे वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटले. ते आता जात नाहीत. बाकीच्या फोटोंमागं मग मऊ शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहिलं, आणि ओळ फोटोवर न लिहिता खालच्या कागदावर लिहिली.

अल्बम सध्या गटाच्या पेटीत, हिशेबाच्या वह्यांशेजारी ठेवला आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मावशी त्यात एक कोरं पान घालणार आहेत. त्यावर फोटो नसेल. आजीचं नाव असेल आणि खाली एवढंच असेल, की तिनं इथून कळस बघितला.