म्हाताऱ्या कुत्र्याला भूल देताना नेमकं काय होतं? उपाशी किती ठेवायचं, कोणत्या रक्त तपासण्या लागतात?

वाकोल्यातल्या एका घरातली 11 वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री उदाहरण म्हणून घेऊ. वजन 30 किलो, पोटाखाली स्तनाजवळ एक गाठ. ऑपरेशन सकाळी 10 वाजता ठरलंय. घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: 'या वयात भूल झेपेल का?'

ब्रिटनमध्ये 2000च्या दशकात सुमारे 98 हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून एक अभ्यास झाला. त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यू साधारण दोन हजारांत एक होता, तर आधीच आजारी असलेल्यांमध्ये 75 मध्ये एक. वयानेही धोका वाढतो, पण या दोन आकड्यांमधली दरी बघितली की रक्त तपासणी का करायची ते कळतं. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं, आजार आत असतो.

रक्तात काय बघतात?

क्रिएटिनिनवरून किडनीचा अंदाज येतो. पण किडनीची जवळपास तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावरच हा आकडा ठळकपणे वाढतो. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याची लघवीही तपासलेली बरी. भुलीची बरीच औषधं लिव्हरमधून बाहेर पडतात, त्यामुळे लिव्हरच्या चाचण्याही होतात. हृदयात मर्मर ऐकू आली तर इको करतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते प्लेटलेट्सकडे. मुंबईत गोचीड वर्षभर असतात आणि गोचीडतापात प्लेटलेट्स घसरतात. आपल्या कुत्रीचा रिपोर्ट आला 70 हजार. साधारणपणे त्या पावणेदोन लाखांच्या वर हव्यात. मात्र रक्तात गुठळ्या झाल्या तर मशीन कमी आकडा दाखवतं, म्हणून आधी काचपट्टीवर रक्त पाहून खात्री करतात. आकडा खरा निघाला तर गाठीचं ऑपरेशन पुढे ढकलून आधी तापाचा उपचार. 'आता आलोच आहोत तर करून टाका' असा आग्रह इथे धरू नये, कारण टेबलावर रक्त थांबलं नाही तर हातात फार काही उरत नाही. उपचार होऊन पुन्हा तपासणी चांगली आली की नवी तारीख.

उपाशी किती वेळ?

भुलीत गिळण्याची क्रिया थांबते. पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पूर्वी सरसकट 12 तास सांगत, अजूनही अनेक ठिकाणी सांगतात. अमेरिकेतल्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी मोठ्या कुत्र्याला 4 ते 6 तास पुरतात, कारण फार वेळ रिकाम्या पोटी आम्ल वाढतं. पाणी निघेपर्यंत चालतं. डायबेटिस असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा पिल्लू असेल तर नियम बदलतो, डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा. घरात गडबड होते ती वेगळीच: सकाळी दत्त मंदिर रोडला फिरवताना कुत्री पडलेलं चिकनचं हाड उचलते आणि घरचे ते सांगायला लाजतात. सांगा! ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

टेबलावर काय होतं?

आधी शांत करणारं आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई, सलाईन, आणि दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. 30 किलोला हिशेबाने 12 मिली भरलं असेल, तरी म्हाताऱ्या कुत्रीला ते थोडं थोडं, थांबून देतात. कधी 5-6 मिलीतच ती झोपते. घाईने सगळं ढकललं तर श्वास थांबतो, ब्लड प्रेशर कोसळतं. झोपल्यावर श्वासनलिकेत ट्यूब टाकून ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेन गॅस सुरू होतो.

पुढे एक माणूस फक्त तिच्याकडे बघत असावा. सरासरी ब्लड प्रेशर 60 च्या खाली राहिलं तर किडनीला रक्त कमी पडतं, मग गॅस कमी करतात, गरजेनुसार सलाईन किंवा औषध देतात. अंगही गार पडतं, त्यामुळे शुद्धीवर यायला वेळ लागतो. म्हणून खाली गरम गादी हवी.

ती स्वतः गिळायला लागली की ट्यूब काढतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण त्याच ब्रिटिश अभ्यासात कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू ऑपरेशननंतर झाले, त्यातले बरेचसे पहिल्या 3 तासांत. म्हणून तारीख घेतानाच विचारा: ट्यूब टाकणार का, ब्लड प्रेशर कोण बघणार, नंतर किती वेळ ठेवून घेणार? ती अजून डुलत असताना रिक्षात घालून आणू नका. घरी आल्यावर हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, श्वास जोरात चालला, किंवा हाक मारूनही मान उचलली नाही, तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.