फोटोतील इंग्रजी सरकारी नोटिशीचे मराठी भाषांतर : तारखा आणि रकमा कशा जपाव्यात?

सरकारी नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो भाषांतरासाठी येतो, तेव्हा वाक्यांकडे वळण्यापूर्वी आकडे उतरवून घ्यावे लागतात. फोटो तिरका असतो, घडीची रेघ नेमकी रकमेवरून गेलेली असते आणि 8 व 3 किंवा 1 व 7 सारखेच दिसू लागतात.

करवसुलीच्या नोटिशीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूळ कराची रक्कम ८४,९१३ रुपये, व्याज ६,७९३ रुपये आणि एकूण मागणी ९१,७०६ रुपये. मूळ रकमेतला पहिला अंक फोटोत पुसट असून तो ३ वाटला, तर बेरीज ४१,७०६ येते आणि चूक तिथेच उघडी पडते. काही नोटिशींत एकूण रक्कम अक्षरीही दिलेली असते. तीही ताडून पाहावी. दोन्ही मार्गांनी उलगडा झाला नाही, तर अंदाज न करता त्या जागी चौकटी कंसात [अस्पष्ट] असे लिहून नवा फोटो मागवावा.

दुसरा धोका लिपीचा. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. घाईत नजर फसते. म्हणून आधी सगळे आकडे इंग्रजी अंकांतच उतरवून तपासावेत आणि देवनागरीत शेवटी एकदमच बदलावेत. फाइल क्रमांक आणि खाते क्रमांक मात्र मुळाप्रमाणेच ठेवणे बरे, कारण ते पुढे कार्यालयात किंवा संगणकावर जसेच्या तसे द्यावे लागतात.

तारखांत 03/04/2025 असे असेल, तर भारतीय कार्यालयांच्या पद्धतीप्रमाणे ती ३ एप्रिल, ४ मार्च नव्हे. तरीही नोटिशीतली दुसरी एखादी तारीख पाहून खात्री करावी. १२ पेक्षा मोठा आकडा कुठे आहे यावरून क्रम कळतो.

खरी फसगत मुदतीच्या वाक्यात होते. ‘विदिन थर्टी डेज ऑफ सर्व्हिस ऑफ धिस नोटीस’ यातली ‘सर्व्हिस’ म्हणजे सेवा नव्हे, बजावणी. औपचारिक मराठीत हे असे होईल : ‘ही नोटीस बजावण्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत’. ‘ऑन ऑर बिफोर’साठी ‘रोजी किंवा त्यापूर्वी’ लिहावे. नुसते ‘पूर्वी’ लिहिले तर शेवटचा एक दिवस कमी होतो. मुदत मोजून स्वतःची तारीखही घालू नये. नोटिशीवर ७ जुलै असेल आणि ती १४ जुलैला हातात पडली असेल, तर ३० दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून धरल्यास ६ ऑगस्ट येतो आणि बजावणीपासून धरल्यास १३ ऑगस्ट. घरच्यांना तारीख हवीच असेल, तर ती भाषांतराबाहेर वेगळी सांगावी.

पदनामे आणि कार्यालयीन शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश हाताशी असावेत. अखेरीस एकाने फोटोतले आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने भाषांतरातल्या आकड्यांवर बोट ठेवत जावे.