डॉली झूम मागितला, पण साधा झूमच का मिळतो?

माणूस पडद्यावर तेवढाच राहतो आणि त्याच्या मागचं जग मात्र ताणलं जातं किंवा अंगावर धावून येतं, त्या शॉटला डॉली झूम म्हणतात. हिचकॉकच्या १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटावरून त्याला व्हर्टिगो इफेक्ट असंही नाव पडलं. तिथे तो दुसऱ्या युनिटचे कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स यांनी जमवला होता. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या पोलीस प्रमुखाचा शॉटही याच जातीचा.

आता हाच शॉट एआय व्हिडिओ टूलकडे मागितला, की बऱ्याचदा चेहरा नुसता मोठा होत जातो. म्हणजे साधा झूम.

फरक समजायला थोडा हिशेब लागतो. समजा, माणूस कॅमेऱ्यापासून २ मीटरवर आहे आणि त्याच्या मागे १० मीटरवर एक दार आहे. लेन्स २४ मिमीची. कॅमेरा जागेवर ठेवून ४८ मिमीपर्यंत झूम केलं, तर माणूस दुप्पट दिसेल आणि दारही दुप्पटच दिसेल. दोघांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही.

डॉली झूममध्ये झूम करता करता कॅमेरा मागे जातो, २ मीटरवरून ४ मीटरवर. अंतर दुप्पट झाल्यामुळे माणूस निम्मा दिसायला हवा, पण लेन्स त्याला दुप्पट करते. म्हणून तो होता तेवढाच राहतो. दाराचं अंतर मात्र १२ वरून १४ मीटरच झालं. त्यामुळे ते सुमारे १.७ पट मोठं दिसतं आणि माणसाच्या पाठीशी येऊन उभं राहतं. कॅमेरा पुढे नेऊन झूम आऊट केलं, की उलट घडतं: दार दूर पळतं.

टूल यात का फसतं? अशी मॉडेल्स व्हिडिओ आणि त्यांची वर्णनं जोडीने पाहून शिकतात. त्या वर्णनांत लोक कॅमेरा पुढे गेला तरी ‘झूम इन’ लिहितात आणि लेन्सने जवळ आणलं तरी ‘झूम इन’च लिहितात. साध्या झूमचे नमुने भरपूर, डॉली झूमचे मोजके. त्यामुळे ‘झूम’ शब्द दिसला, की मॉडेल ओळखीच्या हालचालीकडे ओढलं जातं. शिवाय बहुतेक मॉडेल्सच्या आत लेन्स आणि कॅमेऱ्याची जागा अशी दोन वेगळी बटणं नसतात. दोन विरुद्ध हालचालींचा तोल त्यांना सवयीवरूनच साधावा लागतो. ‘व्हर्टिगो’ शब्दाचा धोका वेगळाच. त्याचा मूळ अर्थ चक्कर, म्हणून कधी कधी फ्रेमच गरगरायला लागते.

म्हणून नुसतं नाव लिहून थांबू नका. पडद्यावर काय स्थिर राहील आणि काय बदलेल, ते लिहा:

```
Camera tracks backward while the lens zooms in.
The woman's face stays exactly the same size in frame.
The corridor behind her compresses and looms closer.
```

यातली मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण साध्या झूममध्ये ती अट पाळलीच जाऊ शकत नाही. जागाही खोली असलेली निवडा: लांब कॉरिडॉर, झाडांचा रस्ता. सपाट भिंतीसमोर खरा डॉली झूमसुद्धा जेमतेम कळतो. हे सगळं करूनही दर वेळी जमेलच असं नाही.

मिळालेला व्हिडिओ तपासणं सोपं आहे. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. चेहऱ्याची उंची मोजा, मग मागच्या दाराची. दोन्ही सारख्याच पटीने वाढले असतील, तर तो झूम. चेहरा बराच वाढला आणि दार थोडंच, तर कॅमेरा नुसता पुढे गेला. चेहरा तेवढाच आणि दार बदललेलं, तर बहुधा डॉली झूम.

‘बहुधा’ अशासाठी, की काही वेळा टूल माणूस कापून ठेवल्यासारखा स्थिर ठेवतं आणि मागचं चित्र नुसतं फुगवतं. हे पकडायला माणसाच्या जवळची एखादी वस्तू बघा. वरच्या उदाहरणात माणसाच्या १ मीटर मागे असलेली खुर्ची फक्त १.२ पट वाढायला हवी, दार १.७ पट. दोन्ही सारखीच वाढली, तर ती नक्कल.

टूल ऐकतच नसेल, तर फोन काढा. ४के रेकॉर्डिंग सुरू करून माणसापासून २ मीटरवरून ४ मीटरपर्यंत एकसारख्या वेगाने मागे चालत जा. एडिटिंग ॲपमध्ये १०८०पीचा प्रोजेक्ट घ्या. पहिल्या फ्रेमला व्हिडिओ पडद्यावर नेमका बसेल एवढा ठेवा, शेवटच्या फ्रेमला त्याच्या दुप्पट करा. चेहरा मधूनच लहान-मोठा होत असेल, तर तिथे आणखी एक कीफ्रेम टाकून आकार जुळवा. ४के असल्यामुळे दुप्पट केल्यावरही चित्र फुटत नाही.