एक किलोमीटर

परवा संध्याकाळी तळवलीत घराबाहेर पडलो आणि एक किलोमीटर मोजत चालत सुटलो. व्यायाम वगैरे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा एक निकाल वाचत होतो, त्यातली एक अट पायांनी तपासून पाहायची होती. अट अशी की डान्स बार शाळेपासून आणि प्रार्थनास्थळापासून किमान एक किलोमीटर लांब हवा. चालताना लक्षात आलं की एका देवळापासून लांब जावं तर आपण दुसऱ्याच्या जवळ आलेलो असतो, आणि तिसरीकडे शाळा उभीच! पाऊण तास फिरलो, अटीत बसेल अशी एक जागा सापडली नाही.

आत्या हा ब्लॉग वाचते. तिने फोनवर विचारलंच, "काय रे, तळवलीत बार हवाय का तुला?" नको गं आत्या. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटलांनी डान्स बार बंद करायचं जाहीर केलं तेव्हा आपल्या घरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. म्हणूनच हे लिहितोय.

बंदीच्या आधी हे बार चोरून चालत नव्हते. निदान काहींकडे तरी सरकारचाच परवाना होता. खाण्यापिण्याचा वेगळा, दारूचा वेगळा आणि नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा वेगळा. तमाशाच्या फडाला जे १९६० चे नियम लागतात, त्याच नियमांखाली तो मिळायचा. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमं आली. पहिल्याने खाणावळ, परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने वगैरेंना सूट दिली.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही कलमं रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मुद्दे दोन होते. एक समानतेचा. तोच नाच महागड्या हॉटेलात चालतो आणि साध्या बारमध्ये बाईची अप्रतिष्ठा करतो, हे कसं? दुसरा धंद्याच्या हक्काचा. घटनेचं कलम १९(१)(छ) हा हक्क देतं आणि १९(६) त्यावर 'वाजवी निर्बंध' घालू देतं. पण निर्बंध बंदीपर्यंत गेला की, त्याहून सौम्य उपाय का पुरला नसता, हे सरकारला दाखवावं लागतं. न्यायालयासमोर ७५ हजारांहून जास्त बायकांचं काम गेल्याचं मांडलं गेलं होतं.

हे तत्त्व जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या सागर भागात शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विड्या वळायला बंदी होती. ती न्यायालयाने १९५० मध्येच रद्द केली, कारण जी म्हातारी किंवा अपंग माणसं शेतात जाऊच शकत नव्हती त्यांचाही रोजगार तिने बुडवला होता.

२०१३ नंतर सरकारने काय केलं? २०१४ मध्ये सूट काढून टाकून सगळीकडेच बंदी केली. ती २०१५ मध्ये न्यायालयाने स्थगित केली. मग २०१६ मध्ये नवा कायदा आला, आणि खरी गंमत इथेच आहे. हा कायदा बंदी म्हणत नव्हता, परवाना म्हणत होता. फक्त अटी अशा की एक किलोमीटरचं अंतर हवं, नाचाच्या जागी दारू नको, बारमध्ये सीसीटीव्ही हवेत, मालकाची वर्तणूक 'चांगली' हवी (म्हणजे काय, ते कुठेच नाही!).

१७ जानेवारी २०१९ ला न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती भूषण यांनी या अटी एकेक करून तपासल्या. अंतराची अट मुंबईसारख्या शहरात पाळणंच अशक्य म्हणून गेली. कॅमेरे खासगीपणावर घाला म्हणून गेले. पण सगळं गेलं नाही. अश्लील नाचावरची बंदी राहिली, संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली, नोटा उधळायच्या नाहीत हेही राहिलं. बक्षिसी मात्र देता येते. न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवली, ती म्हणजे २००५ पासून तोवर एकालाही परवाना मिळालेला नव्हता.

त्या वाक्यापाशी मी थांबलो. बंदी उघड असेल तर तिच्याशी कोर्टात भांडता तरी येतं. इथे अर्ज घेतला जातो, फी घेतली जाते आणि अट अशी असते की ती पाळू म्हणणाराही पाळू शकत नाही. वेळेच्या अटीत दुकान साडेअकराला बंद होतं. अंतराच्या अटीत ते उघडतच नाही.

मला तो धंदा आजही आवडत नाही. पण २००५ च्या त्या टाळ्या आता परत घ्याव्याशा वाटतात. आत्याला हे फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "त्या बायकांचं पुढे काय झालं रे?"

तेव्हा हा प्रश्न आपल्या घरात कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.