हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट : आधी फरक ओळखा, मग मदत करा

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात. अशा गर्दीत कुणी छाती धरून बसले किंवा कोसळले, की "अटॅक आला" असे म्हटले जाते. मात्र या दोन वेगळ्या अवस्था असू शकतात आणि त्यांवरची पहिली मदतही वेगळी आहे.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते. हृदयाचा काही भाग रक्ताविना मरू लागतो, पण हृदय धडधडत असते. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत लय बिघडून रक्त पुढे ढकलणेच थांबते. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

समजा, रांगेतल्या ५५ वर्षांच्या काकांच्या छातीवर दाब आला आहे, घाम फुटला आहे, डावा हात दुखतो आहे, पण ते बोलत आहेत. हा हार्ट अटॅक असू शकतो. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधीकधी फक्त दम लागतो किंवा मळमळते. काकांना चालवू नका. पाठीला आधार देऊन बसवा आणि १०८ ला फोन करा. ॲलर्जी, रक्तस्रावाचा त्रास किंवा पोटात अल्सर नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. शुद्धीत असलेल्या माणसाची छाती दाबू नका.

आता समजा, काका अचानक कोसळले. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनमधून आचके येत आहेत, तर हा कार्डियाक अरेस्ट समजा. इथेच सर्वांत मोठी चूक होते. आचक्यांना लोक श्वास समजतात, सुरुवातीच्या झटक्यांना फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. तोवर मेंदूला रक्त मिळत नाही. सीपीआर मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

एकाला १०८ ला फोन करायला आणि दुसऱ्याला एईडी यंत्र शोधायला सांगा. काकांना कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरे ताठ ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर २ मिनिटांनी दाबणारा बदला, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो. एईडी मिळाले, तर ते सुरू करून त्याच्या सूचना पाळा. शॉक हवा की नको, हे यंत्रच ठरवते.

हार्ट अटॅकमधून कार्डियाक अरेस्ट होऊ शकतो. म्हणून बसवलेल्या काकांजवळ रुग्णवाहिका येईपर्यंत एक जण थांबलाच पाहिजे. ते बेशुद्ध झाले आणि श्वास थांबला, की त्याच क्षणी सीपीआर सुरू करा.